थर, खड्डा आणि रेडिओकार्बन: सरावाचा छेद सोडवताना माझं कुठं चुकलं?

नंदगडची_मयुरी

नमस्कार मंडळी. मी बेळगावात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुरातत्त्वाच्या पेपरसाठी आमच्या सरांनी एक सराव दिलाय. छेद, म्हणजे खणलेल्या जागेची उभी कापलेली बाजू, काल्पनिक आहे, पण मलप्रभेकाठच्या एखाद्या जुन्या पांढरीवरचा आहे असं धरायचं. त्यावरून जागेचा काळ कसा ठरवतात याची सोपी टीप लिहायची, पहिल्या वर्षाच्या मुलांना कळेल अशी.

छेद असा आहे. वर २० सेंटीमीटर नांगरटीची माती, हा थर १. त्याखाली एक मीटर खोलीपर्यंत काळी चिकण माती, तीत खापरांचे तुकडे, हा थर २. मग १.२० मीटरपर्यंत चोपून केलेली घराची जमीन, तीत खांबांचे खळगे आणि एक चूल, हा थर ३. त्याखाली १.५० मीटरपर्यंत राखट माती आणि काळी-तांबडी खापरं, हा थर ४. सगळ्यात खाली मुरूम, तिथं माणसाची काही खूण नाही. छेदाच्या डाव्या बाजूला एक खड्डा दाखवलाय, त्याचा तळ १.६५ मीटरवर आहे.

नमुने चार आहेत, त्यांचे आकडे रेडिओकार्बननं काढलेल्या वयाचे, वर्षांत. अ: थर ४ मधला कोळसा, २४५० ± ३०. ब: थर ३ मधल्या जळक्या खांबाचा कोळसा, २३०० ± ३०. क: थर ३ च्या चुलीतले जळालेले कुळथाचे दाणे, २१०० ± ३०. ड: खड्ड्याच्या तळातले जळालेले जोंधळ्याचे दाणे, ३५० ± ३०.

मी असं लिहिलं: जितकं खोल तितकं जुनं, म्हणून ड सगळ्यात जुना असायला हवा, तो ३५० आला म्हणजे प्रयोगशाळेची चूक. ब आणि क एकाच थरातले, म्हणून त्यांची सरासरी २२००. आणि आजच्या सालातून २४५० वजा करून अ चं साल काढलं. सरांनी तिन्ही ठिकाणी लाल रेघ मारली आणि "पुन्हा विचार कर" एवढंच लिहिलं. कुणी समजावून सांगाल का?

निपाणीचे_गुरुजी

मयुरी, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, म्हणून सांगतो. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत असतं. त्यात किंचित कार्बन-१४ असतो, किरणोत्सारी. झाड मेलं की नवा कार्बन आत येणं थांबतं आणि आतला कार्बन-१४ हळूहळू संपत जातो. ५७३० वर्षांत निम्मा उरतो, पुढच्या ५७३० वर्षांत त्याचा निम्मा. किती उरला ते मोजलं की वय आलं. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये हे करून दाखवलं आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ही पद्धत घड्याळासारखी चोख आहे. २४५० ± ३० म्हणजे जास्तीत जास्त तीस वर्षं इकडंतिकडं, त्यापलीकडं नाही. त्यामुळं ड चा आकडा बघून मलाही वाटतं की प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल झाली असावी. पुन्हा मोजून घ्यावं.

जुना_खोदकामी

गुरुजी, कार्बनचं तुम्ही नीट सांगितलंत. पण ड बद्दल आणि त्या ± ३० बद्दल थांबा जरा. मी बरीच वर्षं उत्खननांत ट्रेंचवर देखरेख करत होतो, तिथं शिकलेलं सांगतो.

मयुरी, तुझ्या नंदगडातसुद्धा म्हातारी माणसं काळी आणि पांढरी असे शब्द वापरत असतील. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जिथं माणसं शेकडो वर्षं राहिली तिथं राख, शेण, चुना आणि पडक्या भिंतींची माती साठून जमीन फिकी पडते आणि हळूहळू वर उचलली जाते. घर पडलं की मलबा सपाट करून त्याच्यावरच दुसरं घर बांधायचं, अशी रीत होती. त्यामुळं खालचं आधीचं आणि वरचं नंतरचं. तू लिहिलंस त्यात एवढं खरं आहे.

चुकलं कुठं? तू टेपनं मोजलेली खोली धरलीस. थरांचा क्रम टेपवर नसतो. कोण कुणावर बसलंय आणि कुणी कुणाला कापलंय यावर तो असतो. आता तो खड्डा बघ. त्याचा तळ १.६५ वर आहे हे खरं, पण त्याचं तोंड कुठं आहे? छेदाच्या चित्रात खड्ड्याच्या दोन्ही कडा बोट ठेवून वर वर घेऊन जा. थर ४ कापला, थर ३ ची चोपलेली जमीन कापली, थर २ सुद्धा कापला आणि नांगरटीच्या मातीखाली कडा संपल्या असं असेल, तर तो खड्डा थर २ साठून झाल्यावर कुणीतरी खणला. धान्याचं पेव असेल, नाहीतर कचऱ्याचा खड्डा. त्याच्या तळातले दाणे थर ४ च्याही खाली पडलेत, पण ते त्या छेदातले सगळ्यात तरुण आहेत. प्रयोगशाळा बरोबर आहे.

प्रत्यक्ष खणताना हे इतकं सोपं नसतं हेही सांगतो. खड्डा ज्या मातीत खणला तिच्यानंच तो पुन्हा भरतो, त्यामुळं रंगात फारसा फरक दिसत नाही. आम्ही सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, करणीनं छेद खरवडून त्यावर पाणी फवारायचो. सुकताना खड्ड्यातली सैल माती आणि बाजूची घट्ट माती वेगवेगळ्या वेगानं सुकते आणि दहा-पंधरा मिनिटं कड स्पष्ट दिसते. तेवढ्यात करणीच्या टोकानं रेघ मारून घ्यायची. ती वेळ चुकली तर ड हा नमुना "थर ४, खोली १.६५" अशा चिठ्ठीनं पिशवीत जातो आणि पुढं सगळा घोटाळा होतो.

हलशीकर

चांगला धागा. आमच्या गावाजवळ एक वीरगळ आहे, जांभ्याच्या चौथऱ्यावर उभी. कुणी म्हणतं कदंबांच्या काळातली, कुणी म्हणतं नंतरची. तिचा एखादा छोटा टवका काढून रेडिओकार्बनला पाठवला तर नक्की साल कळेल का? खर्च गावकरी वर्गणीतून करतील.

जुना_खोदकामी

हलशीकर, कृपा करून टवका काढू नका. दगड कधी जिवंत नव्हता, त्यामुळं तो कधी घडवला हे कार्बनवरून कळायचा मार्गच नाही. वीरगळीचा काळ तिच्यावरच्या अक्षरांच्या वळणावरून, माणसांच्या पेहरावावरून, शस्त्रांवरून ठरवतात. लेख असेल तर तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, चारी बाजूंनी फोटो काढा आणि जुनी कन्नड लिपी वाचणाऱ्याला दाखवा. आणि चौथरा दगडापेक्षा नंतरचा असू शकतो. अशा शिळा एका जागेवरून उचलून दुसरीकडं बसवलेल्या पुष्कळदा आढळतात.

हलशीकर

समजलं. टवक्याचं मनातून काढून टाकलं. लेखाच्या दोन ओळी आहेत, फोटो काढतो.

स्नेहल_चिकोडी

मी काही वर्षं नमुने साफ करण्याच्या कामात होते, म्हणून आकड्यांबद्दल लिहिते.

मयुरी, आधी ते वजाबाकीचं. प्रयोगशाळा २४५० लिहिते तेव्हा ती १९५० पासून मागं मोजते. त्यानंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ बिघडला, म्हणून सगळ्यांनी तेच साल पक्कं धरलं. पण १९५० मधून वजा करूनही खरं साल मिळत नाही. गंमत अशी की हा आकडा काढताना ५७३० नव्हे तर लिबींचंच जुनं ५५६८ वर्षांचं मूल्य आजही वापरतात, म्हणजे जुने-नवे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. सूत्र एवढंच:

```
t = -8033 × ln(F)
```

F म्हणजे मूळच्या मानानं किती कार्बन-१४ उरला. तुझ्या कुळथात ०.७७ उरला असेल तर t साधारण २१०० येतो. कॅल्क्युलेटरवर करून बघ.

पण यात एक गृहीतक दडलंय की हवेत कार्बन-१४ नेहमी सारखाच होता. तो तसा नव्हता. म्हणून एकेक वर्तुळ मोजून ज्यांचं साल पक्कं कळलंय अशा झाडांच्या लाकडाची मोजमापं घेऊन एक वक्र तयार केलाय. आपल्या भागासाठी सध्या IntCal20 वापरतात. आपला आकडा त्या वक्रावर ठेवायचा, तेव्हा कुठं खरी सालं मिळतात, आणि तीही पट्ट्याच्या रूपात. तुझा क साधारण इ.स.पूर्व २०० ते ४५ च्या दरम्यान येतो. ड साधारण इ.स. १४६० ते १६४०. ब दोन तुकड्यांत येतो, इ.स.पूर्व ४०० ते ३५० च्या आसपास किंवा २९० ते २३० च्या आसपास.

गुरुजी, ± ३० म्हणजे "त्यापलीकडं नाही" असं नसतं. त्या तीस वर्षांच्या आत खरा आकडा असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. दुप्पट घेतलं, म्हणजे ± ६०, तर ९५ टक्के. वर मी दिलेले पट्टे ९५ टक्क्यांचे आहेत.

आता अ. तो पसरतो इ.स.पूर्व ७५० पासून ४१० पर्यंत, साडेतीनशे वर्षं! त्या काळात हवेतला कार्बन-१४ कमी कमी होत होता. इ.स.पूर्व ७०० मध्ये मेलेल्या झाडानं जास्त घेतलं आणि त्याला क्षय व्हायला वेळही जास्त मिळाला. ४५० मध्ये मेलेल्यानं कमी घेतलं आणि त्याचा क्षयही कमी झाला. आज मोजलं तर दोघांत उरलेलं सारखंच. म्हणून वक्र तिथं सपाट पडतो. मशीन कितीही चांगलं आणलं, ± ३० चं ± १५ केलं, तरी तो पट्टा फारसा आक्रसत नाही. दक्षिणेतला लोहयुगाचा बराच भाग नेमका या सपाटीवर पडतो, हे आपलं दुर्दैव.

नंदगडची_मयुरी

खूप खूप आभार. ड समजला, वजाबाकी समजली. पण ब आणि क एकाच जमिनीवरचे असून दोनशे वर्षांचा फरक कसा? सरासरी का नको?

जुना_खोदकामी

कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी सांगताहेत. कुळीथ एका हंगामाचं पीक. ज्या वर्षी उगवलं त्याच वर्षाचा कार्बन त्यात, आणि वर्ष-दोन वर्षांत ते चुलीवर गेलं. म्हणजे क ची तारीख चूल पेटली त्या काळाची. खांबाचं तसं नाही. तुमच्या खानापूरच्या जंगलातला सागवान डोळ्यांसमोर आण. दोनशे वर्षांचं झाड तोडलं तर सालीजवळचं वर्तुळ यंदाचं असतं आणि गाभ्यातलं दोनशे वर्षांपूर्वीचं. गाभ्याचं लाकूड मेलेलंच असतं, झाड उभं असलं तरी. शिवाय चांगला खांब कुणी जाळत नाही. जुन्या घराचा काढून नव्याला लावतात. आपल्याकडं आजही वाडा पाडला की तुळया विकत घेणारे दारात उभे असतात. तेव्हा ब ची तारीख लाकूड वाढलं त्या वर्षांची आहे, घर बांधलं त्या वर्षाची नाही. घराचं वय क सांगतो.

एकाच घटनेचे दोन नमुने असतील तरच सरासरी काढायची, जसे एकाच चुलीतले दोन दाणे.

येळ्ळूरचा_भातवाला

मी शेतकरी माणूस, पुरातत्त्व काही शिकलो नाही. पण एक शंका हाय, विचारू का?

आमच्या शिवारात भात काढलं की त्याच ओलीवर मसूर नाहीतर वाटाणा टाकतो. तो निघाला की मार्च-एप्रिलात काळी जमीन अशी फाटते की बघत राहावं. भेगेत काठी घातली तर कोपरापर्यंत हात आत जातो, काही ठिकाणी त्याहून खोल. वरचे दाणे, ढेकळं, खापराचा तुकडा, सगळं त्यात पडतं. वळिवाचा पाऊस आला की भेग फुगून मिटते आणि पडलेलं आतच राहतं. पुढच्या वर्षी दुसरीकडं फाटते.

मयुरीच्या छेदात थर २ काळ्या चिकण मातीचा हाय आणि तो एक मीटर खोलीपर्यंतच हाय. मग ते हुलगे, म्हणजे तुमचे कुळीथ, वरच्या थरातनं भेगेतून खाली चुलीत पडले नसतील कशावरून? मग घर खांबाच्याच काळातलं, आणि हुलगे दोनशे वर्षांनंतरचे. अण्णा, असं होऊ शकतं की नाही?

जुना_खोदकामी

होऊ शकतं. मी हे वर लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. काळ्या जमिनीत भेगा मीटरभर सहज जातात आणि तेवढ्यात थर २ पार होतो.

म्हणजे मयुरीपुढं आता दोन उत्तरं आहेत. एक, लाकूड जुनं आणि दाणे खरे. दोन, लाकूड बरोबर आणि दाणे वरून पडलेले. नुसत्या दोन आकड्यांवरून यातलं कुठलं हे सांगता येत नाही.

खणताना काय बघायचं ते सांगतो. भेगेतून पडलेली माती वरच्या थराच्या रंगाची असते. जमीन आडवी खरवडली की फिकट जमिनीत काळ्या नागमोडी रेघा दिसतात. दाणे त्या रेघेत सापडले तर त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. दाणे चुलीच्या भाजलेल्या, लाल झालेल्या मातीच्या कवचाखाली असतील, कवच कुठं फुटलेलं नसेल, तर ते तिथलेच. उंदराच्या बिळांचंही असंच असतं. बीळ गोल असतं आणि आतली माती भुसभुशीत, करणी लावली की गळून पडते.

स्नेहल_चिकोडी

आणि प्रयोगशाळेकडूनही तपास होतो. पूर्वी एका मोजणीला काही ग्रॅम कार्बन लागायचा, म्हणून मूठभर कोळसा एकत्र करून पाठवायचे. त्यात एखादा वरून पडलेला तुकडा असला तर तो सगळ्यांत मिसळून जायचा आणि आकडा मधलाच कुठला तरी यायचा, कुणाच्याच काळाचा नाही. आता कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या एएमएस यंत्रावर मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, म्हणजे एकेक दाणा वेगळा मोजता येतो. दिल्लीला आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रात ही सोय आहे.

सरांच्या क मध्ये "दाणे" असं लिहिलंय. ते एकत्र मोजले की एकच दाणा मोजला? मी असते तर त्याच चुलीतले तीन दाणे वेगवेगळे मोजायला सांगितलं असतं. तिन्ही २१०० च्या आसपास आले तर भेगेचा संशय बराच कमी होतो, कारण भेगेतून पडणारे दाणे निरनिराळ्या काळांतले असायला हवेत. एक २१००, एक १४००, एक २३०० असे आले तर येळ्ळूरचे काका बरोबर.

निपाणीचे_गुरुजी

± ३० बद्दल माझी समजूत चुकीची होती, आभार. अजून एक विचारतो. आम्ही ऐकलंय की नमुन्याला हात लागला तरी तो बाद होतो, आजचा कार्बन मिसळतो म्हणून. मग शेतात सापडलेल्या दाण्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

स्नेहल_चिकोडी

गुरुजी, हात लावू नये, चिमट्यानं उचलून फॉईलमध्ये ठेवावा हे बरोबर. कापसात तर मुळीच गुंडाळू नये, कापूसही कार्बनच. पण किती बिघडतं याचा हिशोब करून बघा. कुळथात मूळचा ०.७७ उरलाय. त्यात एक टक्का आजचा कार्बन मिसळला तर ०.७७२३ होतो, म्हणजे वय फार तर पंचवीस वर्षांनी कमी दिसतं. ± ३० च्या आतच. हीच एक टक्का भेसळ चाळीस हजार वर्षांच्या नमुन्यात झाली तर तो तेहतीस हजारांचा दिसायला लागतो, कारण तिथं मूळचं जवळजवळ काही उरलेलंच नसतं. म्हणूनच पन्नास हजार वर्षांच्या पलीकडं ही पद्धत चालत नाही.

आपल्या काळ्या मातीत खरा त्रास ह्युमिक आम्लांचा. कुजलेल्या पानापाचोळ्यातला विरघळणारा कार्बन पाण्याबरोबर झिरपून कोळशात शिरतो. म्हणून नमुना आधी आम्लात, मग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, मग पुन्हा आम्लात धुतात. सोड्यात टाकल्यावर द्रावण कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं. तो रंग यायचा थांबेपर्यंत धुवायचं. या धुण्यात दाणा फार विरघळायला लागला तर समजायचं की तो नीट जळलेलाच नव्हता.

नंदगडची_मयुरी

मग अ चं काय करू? साडेतीनशे वर्षांचा पट्टा टीपेत लिहिला तर मुलं विचारतील, एवढं करून कळलं काय?

जुना_खोदकामी

इथंच थर कामाला येतात. थर ४ हा थर ३ च्या खाली आहे. म्हणजे अ काहीही झालं तरी क च्या आधीचा. तसे दोन्ही पट्टे एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळं इथं फारसा फायदा नाही. पण थर ४ मध्येच वर-खाली तीन नमुने असते, तर त्यांच्या क्रमावरून तो सपाट पट्टा कापून लहान करता आला असता. खालचा जुना असायलाच हवा, या एका अटीनं कितीतरी सालं बाद होतात. हे गणित आता संगणकावर करतात, पण अट मातीतून आलेली असते.

अ हा कोळसा आहे, दाणा नाही, हेही टीपेत लिही. ब ला जो संशय लागू आहे तो अ लाही आहे.

आणि मुलांना ब्रह्मगिरीचं सांग. चित्रदुर्ग जिल्ह्यात १९४७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तिथं खणलं. त्यांच्याकडं रेडिओकार्बन नव्हता, तो दोन वर्षांनी आला. त्यांनी फक्त थर लावले. खाली दगडी कुऱ्हाडींची वस्ती, त्यावर मोठाल्या शिळांची थडगी बांधणारे महापाषाणवाले, त्यावर सातवाहन काळातली वस्ती. सगळ्यात वरच्या वस्तीत जी नक्षीदार खापरं मिळाली तशीच त्यांना आधी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूत रोमन भांड्यांसोबत मिळाली होती. तेवढा एक खिळा पक्का धरून ते खाली मोजत गेले. क्रम त्यांनी लावला तोच आजही टिकून आहे. पण दगडी कुऱ्हाडीवाल्यांना त्यांनी फार तर इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकाच्या सुरुवातीला बसवलं होतं. पुढं कर्नाटक-आंध्रातल्या तशाच जागांचे कोळसे मोजले गेले तेव्हा ते लोक इ.स.पूर्व तिसऱ्या-दुसऱ्या सहस्रकात गेले. हजार वर्षांहून जास्त फरक. क्रम थरांनी दिला, अंतर कार्बननं दिलं.

स्नेहल_चिकोडी

खोदकामी अण्णा, एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. अ सारखा कोळसा पाठवूच नये असं मला वाटतं. सपाटीवर पडणार हे खापरांवरून आधीच दिसत होतं, आणि वर जुन्या लाकडाचा संशय. पैसे वाया गेले.

जुना_खोदकामी

ताई, दाणे मिळत असते तर मीही कोळसा पाठवला नसता. पण माती पाण्यात ढवळून वर तरंगणारे दाणे चाळणीत धरायला पाणी, माणसं आणि वेळ लागतो. राखेच्या थरातून बादल्यांमागून बादल्या घालूनही एक दाणा मिळाला नाही असे दिवस मी काढलेत. तेव्हा बारीक फांदीचा कोळसा निवडायचा, जिच्यावर साल दिसते. फांदी दहा-पंधरा वर्षांचीच असते, मग जुन्या लाकडाचा दोष जवळजवळ जातो. अ फांदी होती की खोड, हे सरांनी लिहिलेलं नाही. फांदी असेल तर मी त्याला वाया गेला म्हणणार नाही.

स्नेहल_चिकोडी

फांदी असेल तर अर्धं मान्य. सपाटी राहतेच.

नंदगडची_मयुरी

टीपेचा मधला भाग पुन्हा लिहिला, बघता का?

"खड्डा थर २, ३ आणि ४ कापतो, म्हणून तो त्या सगळ्यांनंतरचा. त्यातले दाणे सर्वांत खोल असले तरी सर्वांत अलीकडचे, इ.स. १४६० ते १६४० च्या दरम्यानचे. थर ३ ची जमीन कुळथावरून इ.स.पूर्व २०० ते ४५ च्या दरम्यान वापरात होती असं दिसतं. खांबाचा कोळसा त्याहून जुना येतो, कारण त्यात लाकूड वाढल्याचं साल आहे. मात्र दाणे थर २ मधून भेगेतून पडले असण्याची शक्यता वगळण्यासाठी चुलीतले तीन दाणे वेगवेगळे मोजायला हवेत आणि चुलीचं कवच अखंड होतं का हे पाहायला हवं. थर ४ त्याआधीचा, इ.स.पूर्व ७५० ते ४१० च्या दरम्यान कधीतरी. यापेक्षा नेमकं या एका कोळशावरून सांगता येत नाही."

जुना_खोदकामी

छान. एक शब्द बदल. "थर ३ ची जमीन वापरात होती" याऐवजी "थर ३ वरची चूल पेटलेली होती" असं लिही. तारीख चुलीतल्या दाण्यांची आहे. जमीन त्याआधी किती वर्षं वापरात होती ते दाणे सांगत नाहीत.

आणि सरांना विचार, खड्ड्यात मिरचीचं एखादं बी सापडलंय का. मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. ते बी खात्रीनं खड्ड्यातलंच असेल, तर खड्डा सोळाव्या शतकाच्या आधी भरलेला असूच शकत नाही, आणि ड चा जुना टोकाकडचा भाग आपोआप गळतो. एक बी, मोजणी नाही, खर्च नाही.

येळ्ळूरचा_भातवाला

मिरचीचं भारी हाय की!

मयुरी, एप्रिलात मैत्रिणींना घेऊन शिवारात ये. मी आत्ताच मसुराचे शंभर दाणे मोजून चुन्यात रंगवून ठेवतो. जमीन फाटली की तुझ्यासमोर एका भेगेच्या तोंडावर टाकू आणि चार खुंट्या मारून ठेवू. पाऊस संपला की उकरून बघू कुठला दाणा किती खोल गेला ते.

जुना_खोदकामी

काका, चुना पावसात धुऊन जाईल. ऑइल पेंट लावा. आणि दाणे आधी तव्यावर काळे होईपर्यंत भाजा, नाहीतर पहिल्या पावसाला उगवून येतील. उकरायला मी येतो, दर दहा सेंटीमीटरला माती वेगळ्या घमेल्यात काढू.